ए रेकॉर्ड की सीनेम? बरेच महिने दोन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

निमित्त भांडणाचं आहे, तेव्हा सूर थोडा कडवट लागला तर समजून घ्या. होस्टिंगवाल्यांनी आपली यंत्रणा दुसरीकडे हलवली आणि माझी साइट अर्धी बंद पडली. www लावून उघडली की ठणठणीत, न लावता उघडली की ब्राउझर नुसता फिरत बसायचा. ज्यांच्याकडे चालत होती ते मला वेड्यात काढत होते आणि ज्यांच्याकडे बंद होती ते फोन करत होते.

ए रेकॉर्ड नावाला थेट आयपी पत्ता देतो आणि सीनेम एका नावाला दुसऱ्या नावाकडे पाठवतो, एवढं वाचणाऱ्याला माहीत असेलच. मीही इतकंच धरून चाललो होतो. होस्टिंगवाल्यांच्या सूचनेप्रमाणे मूळ डोमेनला ए आणि www ला सीनेम, असं लावून मोकळा झालो होतो. त्या दिवशी पडद्यावर दिसलं ते असं (नावं आणि पत्ते बदलले आहेत):

```
$ dig +short www.example.com
site42.host.example.
198.51.100.25

$ dig +short example.com
192.0.2.10
```

निदान या पाच ओळींतच आहे. www चं उत्तर दोन टप्प्यांत येतं. माझ्या झोनमध्ये फक्त `site42.host.example` हे नाव आहे. त्या नावाचा पत्ता होस्टिंगवाल्यांच्या झोनमध्ये असतो. त्यांनी तो बदलला आणि मला कळायच्या आत www नव्या ठिकाणी पोचलं. मूळ डोमेनवर मात्र जुना आकडा माझ्याच झोनमध्ये बसलेला, तो दुसरं कोण बदलणार? त्यात त्या ए रेकॉर्डचा टीटीएल होता ८६४००, म्हणजे पूर्ण एक दिवस. पत्ता दुरुस्त केल्यावरही ज्यांच्या रिझॉल्व्हरने जुनं उत्तर नुकतंच साठवलं होतं, त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत बंद साइटच दिसत राहिली. सीनेमच्या बाजूला असा खोळंबा नव्हता. तिथे शेवटच्या ए रेकॉर्डचा टीटीएल होस्टिंगवाल्यांनी ६० सेकंद ठेवला होता. माझ्या सीनेमचा टीटीएल कितीही मोठा असला तरी फरक पडत नव्हता, कारण बदललं होतं ते माझ्या सीनेमच्या पलीकडचं.

साहजिकच सीनेम मला एकदम आवडायला लागला. आणि सपोर्टवाल्यांनी उत्तर दिलं, "मूळ डोमेनलाही सीनेमच लावा की." इथून माझी खरी चिडचिड सुरू झाली, कारण ते लागत नाही. माझ्या डीएनएस पॅनलने सरळ नकार दिला. दुसरीकडे बाइंडवर झोन लोड करून पाहिला, तर त्याने `CNAME and other data` असं म्हणून अख्खा झोनच नाकारला.

ही पॅनलची लहर नाही, १९८७ चा नियम आहे. आरएफसी १०३४ सांगते की ज्या नावावर सीनेम असेल त्या नावावर दुसरी कुठलीही माहिती असू नये. डीएनएससेकच्या सह्यांसारखे थोडे अपवाद नंतर आले, पण गाभा तोच राहिला. मूळ डोमेनवर एसओए आणि एनएस हे दोन रेकॉर्ड असावेच लागतात, त्यांच्याशिवाय झोनच उभा राहत नाही. म्हणजे ती जागा आधीच भरलेली आहे आणि सीनेमला तिथे शिरकाव नाही. मी यावर बराच वेळ कुरकुरलो. बाकी सगळीकडे चालणारी इतकी सोयीची गोष्ट नेमकी जिथे सगळ्यात जास्त लागते तिथेच बंद! काही पॅनल हा नियम न तपासता सीनेम लावूही देतात, हे कळल्यावर तिकडे जायचा मोहही झाला.

मग त्या पॅनलवर काय होतं ते एका सुट्या डोमेनवर करून पाहिलं आणि १९८७ वाल्यांवरचा राग ओसरला. पाहण्यासारखं होतं ते ईमेलचं. कोणी तुम्हाला मेल पाठवतो तेव्हा त्याचा सर्व्हर `example.com` चा एमएक्स रेकॉर्ड विचारतो. त्याच्या रिझॉल्व्हरकडे एमएक्सचं उत्तर आधीच साठलेलं असेल तर मेल नीट पोचते. पण त्याआधी कोणी साइट उघडल्यामुळे तिथे सीनेम साठलेला असेल, तर रिझॉल्व्हर म्हणतो, हे नाव म्हणजे खरं तर `site42.host.example`, एमएक्स त्याचाच बघू. तिथे एमएक्स नसतो. एमएक्स नसला की मेल सर्व्हर नियमाप्रमाणे त्या नावाच्या ए रेकॉर्डवरच मेल द्यायला जातो, म्हणजे होस्टिंगवाल्यांच्या वेब सर्व्हरच्या पोर्ट २५ वर. तिथे घ्यायला कोणी नाही. मेल पाठवणाऱ्याकडे रांगेत पडून राहते आणि शेवटी परत जाते. वाईट हे, की असं कधी होतं आणि कधी होत नाही. साठलेल्या उत्तरांची मुदत संपली की चित्र पालटतं, आणि तक्रार करणाऱ्याला तुम्ही "आता पुन्हा पाठवून बघा" म्हणालात तर ती बहुधा पोचतेसुद्धा. तेव्हा ज्या पॅनलने मला नकार दिला, त्याला मी मनातल्या मनात एक तारा वाढवून दिला.

मूळ डोमेनचा नाद सोडून बाकी सगळ्या उपडोमेनांना मी सीनेम लावत सुटलो. हाही उत्साह फार टिकला नाही. `news.example.com` वर एका सेवेचं पान होतं, त्याला सीनेम. पुढे त्याच नावावरून वार्तापत्र पाठवायचं ठरलं, तेव्हा मेल सेवेने एसपीएफसाठी त्याच नावावर टीएक्सटी रेकॉर्ड मागितला. पुन्हा तोच नियम आडवा आला. सीनेम असलेल्या नावाचा टीएक्सटी कोणी विचारला तरी उत्तर पलीकडच्या नावाचंच मिळणार. शेवटी पान दुसऱ्या नावावर हलवलं आणि `news` मेलसाठी मोकळं ठेवलं. तेव्हापासून सीनेम लावण्याआधी मी वेगळाच प्रश्न विचारतो: या नावावर पानाशिवाय आणखी काही कधी ठेवायचं आहे का? उत्तर डळमळीत असेल तर सीनेम नाही. उलट बाजूही बघायला हवी. एमएक्स ज्या नावाकडे बोट दाखवतो त्या नावावर सीनेम चालत नाही, तिथे ए किंवा एएएएच लागतो. आरएफसी २१८१ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. काही सर्व्हर खपवून घेतात, काही नाही, आणि त्या भरवशावर मेल चालवू नये.

माझ्या स्वतःच्या छोट्या सर्व्हरवर मात्र दोघांची जोडी छान जमली. त्याचा आयपी ठरलेला आहे आणि तो माझ्याच ताब्यात आहे, म्हणून `srv1.example.com` ला ए. त्यावर चालणारी `git`, `wiki` ही नावं सीनेमने `srv1` कडे. सर्व्हर बदलला तर एकच ओळ बदलायची. आयपीव्ही६ सुरू केलं तेव्हा `srv1` ला एएएए जोडला आणि बाकीच्या नावांना तो आपोआप मिळाला. नुसते ए लावत गेलो असतो तर प्रत्येक नावासाठी दोन नोंदी सांभाळाव्या लागल्या असत्या. सीनेममुळे वेग मंदावतो अशी ओरड असते, पण दोन्ही नावं एकाच झोनमध्ये असली की सर्व्हर सीनेम आणि पत्ता बहुधा एकाच उत्तरात देतो. मला तरी फरक जाणवला नाही.

राहता राहिलं मूळ डोमेन. त्यावर बाजारात तोडगा आहे. कोणी त्याला एलिअस म्हणतं, कोणी एनेम, कोणी फ्लॅटनिंग. तुम्ही पॅनलमध्ये नाव लिहायचं, डीएनएसवाला ते स्वतः शोधणार आणि बाहेरच्या जगाला साधा ए रेकॉर्ड म्हणून देणार. नियम मोडत नाही, एमएक्स शाबूत राहतो. काही जण हे फुकट देतात. माझा डीएनएसवाला त्यासाठी महागडी योजना घ्यायला लावतो, आणि एका ओळीसाठी पदरमोड करायची माझी तयारी नव्हती. तरी चाचणीच्या मुदतीत वापरून पाहिलं. चाललं. एक मेख सापडली. माझे होस्टिंगवाले विचारणाऱ्याच्या जवळच्या सर्व्हरचा पत्ता देतात. सीनेममध्ये विचारणारा असतो वाचकाचा रिझॉल्व्हर. फ्लॅटनिंगमध्ये विचारणारा असतो डीएनएसवाल्याचा सर्व्हर, आणि तो जिथे बसलाय तिथला जवळचा पत्ता सगळ्यांच्या गळ्यात पडतो. दूरच्या वाचकाला www लवकर उघडतं आणि मूळ डोमेन रेंगाळतं, हे मला स्पष्ट दिसलं. काही डीएनएसवाले वाचकाच्या नेटवर्कचा अंदाज पुढे पाठवून हे टाळतात, माझा तसं करत नव्हता.

मुदत संपल्यावर पैसे भरले नाहीत. मूळ डोमेनचा ए रेकॉर्ड आता माझ्याच सर्व्हरकडे आहे आणि तिथे एवढंच काम चालतं:

```
server {
    listen 443 ssl;
    server_name example.com;
    ssl_certificate     /etc/ssl/example.com.crt;
    ssl_certificate_key /etc/ssl/example.com.key;
    return 301 https://www.example.com$request_uri;
}
```

पोर्ट ८० साठीही असाच एक भाग आहे. प्रमाणपत्राच्या ओळी टाळता येत नाहीत. वाचकाने `https://example.com` लिहिलं तर www वर पाठवण्याआधी ब्राउझर मूळ नावाचं प्रमाणपत्र मागतो, आणि ते नसेल तर वाचक इशाऱ्याच्या पानावरच अडकतो. हे काम सीनेम करेल असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही करत. सीनेम फक्त पत्ता शोधण्यापुरता आहे. ब्राउझरच्या पट्टीत नाव तेच राहतं आणि समोरच्या सर्व्हरला विनंतीही त्याच नावाने जाते. म्हणून www सीनेमने होस्टिंगवाल्यांकडे गेलं तरी त्यांच्याकडे `www.example.com` ची नोंद आणि प्रमाणपत्र लागतंच.

सीनेमबद्दलची एक तक्रार मात्र शिल्लक आहे. एखादी सेवा बंद केली की तिच्याकडे जाणारा सीनेम झोनमध्ये तसाच लोंबकळत राहतो. पलीकडचं नाव त्या सेवेत दुसऱ्या कोणी घेतलं, तर माझ्या उपडोमेनवर त्याचं पान झळकू शकतं, अगदी वैध प्रमाणपत्रासह. ए रेकॉर्डमध्येही सोडलेला आयपी दुसऱ्याला मिळू शकतो, पण नेमका तोच आयपी पटकावणं कठीण. सुटलेलं नाव मागून घेणं काही सेवांमध्ये फारच सोपं असतं. म्हणून सेवा रद्द करायच्या आधी मी तिचा सीनेम काढतो, त्याचा टीटीएल उलटू देतो आणि मगच खातं बंद करतो. त्यापायी एखाद्या वेळी पुढच्या महिन्याचं बिल लागतं, आणि ते भरताना जीवावर येतंच.