आयईएलटीएस स्पीकिंग: प्रश्न कळला नाही तर थांबावं, विचारावं की अंदाजानं बोलावं?

आधी स्वतःला एवढंच विचारा: प्रश्न ऐकूच आला नाही, की ऐकू आला पण कळला नाही? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

ऐकू आला नसेल तर थांबून काही मिळत नाही. लगेच ‘सॉरी, कुड यू रिपीट दॅट, प्लीज?’ म्हणा. नुसतं असं विचारल्यानं गुण कापले जात नाहीत, कारण गुण असतात ते ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण व उच्चार या चार गोष्टींना. तरीही आपली बरीच मुलं इथे अंदाजाचा मार्ग धरतात. ‘डू यू वॉक अ लॉट?’ हे ‘वर्क’ असं ऐकू येतं आणि गडी ऑफिसच्या कामावर सुरू होतो. परीक्षक बहुधा चूक दाखवत बसत नाही, पुढचा प्रश्न विचारतो. पण प्रश्नाशी जुळत नसलेलं उत्तर पाठ केल्यासारखं वाटू शकतं. चूक बोलता बोलता लक्षात आली, तर ‘ओह, यू मीन वॉकिंग?’ म्हणून सरळ वळण घ्यावं.

प्रश्न ऐकू आला पण एखादा शब्द अडला, तर तुम्ही परीक्षेच्या कोणत्या भागात आहात ते बघा. पहिल्या भागात परीक्षकापुढे ठरलेले प्रश्न असतात. तो प्रश्न पुन्हा वाचून दाखवतो, पण समजावून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. दुसऱ्या भागात विषय कार्डावर छापलेलाच असतो. तिसऱ्या भागात मात्र चर्चा असते आणि परीक्षक प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडू शकतो. समजा प्रश्न आला, ‘हॅव पीपल्स हॉबीज बिकम टू सेडेंटरी?’ आणि ‘सेडेंटरी’ अडला. ‘आय डोंट अंडरस्टँड’ म्हटलं की सगळं ओझं परीक्षकावर. त्यापेक्षा ‘डू यू मीन हॉबीज व्हेअर वी जस्ट सिट?’ असं विचारलेलं मला कितीतरी सरस वाटतं: अंदाज बरोबर असेल तर लगेच उत्तर सुरू, चुकला तर खुलासा होतो, आणि दरम्यान तुम्ही इंग्रजीतच बोलत असता.

आता राहिला थांबण्याचा प्रश्न. प्रश्न पूर्ण कळलाय, पण काय बोलावं ते सुचत नाही, तेव्हाच तो उपाय योग्य. सर्वोच्च, म्हणजे नऊ बँडच्या वर्णनातही आशयाचा विचार करण्यासाठी घेतलेला विराम चालतो. शब्द किंवा व्याकरण शोधत अडखळलेलं चालत नाही. त्यामुळे दोन-तीन सेकंद गप्प राहिलात तर बिघडत नाही. ‘लेट मी थिंक’ एकदा ठीक, प्रत्येक प्रश्नाआधी म्हटलं की ती पळवाट दिसते.

पहिल्या भागात दोनदा ऐकूनही प्रश्न कळला नाही, तर तिसऱ्यांदा विचारू नका. ‘आय ॲम नॉट शुअर अबाउट दॅट’ म्हणा आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघा. तो भाग चार-पाच मिनिटांचाच असतो आणि त्यात अजून बरेच प्रश्न यायचे असतात.