अडकलेली मेटल चेन: व्हिनेगर लावायचं, तेल टाकायचं की मेण घासायचं?

जॅकेटची किंवा बॅगची मेटलची चेन अडकली की लोक जोर लावतात नाहीतर सरळ मेणबत्ती घासतात, पण मेण फक्त घसरणं सोपं करतं, साचलेला गंज काढत नाही. म्हणून आधी अडकलंय कुठे ते बघा, दातांत की रनरच्या आत.

दातांवर हिरवट थर दिसला तर चेन पितळेची आहे आणि तिथे व्हिनेगर भारी. आधी कोरड्या टूथब्रशने माती झाडा, मग साधं पांढरं व्हिनेगर कानाच्या बडवर घेऊन फक्त दातांना लावा, दहाएक मिनिटं थांबा, घासा, बडवर निळा-हिरवा रंग आला की समजा थर सुटतोय. पण ते अ‍ॅसिड आहे, रनर बरेचदा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो त्याला ते खातं, म्हणून रात्रभर भिजत ठेवू नका आणि नंतर साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा. अ‍ॅल्युमिनियमच्या चेनला (पांढरी भुकटी दिसते) आणि लेदरला मी व्हिनेगर लावत नाही.

दात स्वच्छ आहेत तरी रनर हलत नाही, मग प्रॉब्लेम आत आहे आणि तिथे तेलच हवं. बऱ्याच जॅकेटच्या रनरमध्ये छोटी पिन असते, ओढायची पट्टी आडवी पडली की ती दातांमध्ये घुसून चेन लॉक करते, पट्टी उभी केली की वर उचलली जाते. गंजामुळे ही पिन खालीच चिकटून बसते, आणि तशात पक्कडीने ओढलं की दातच वाकतात! शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टूथपिकने रनरच्या वरच्या फटीत सोडा, अर्धा तास जाऊ द्या, पट्टी वर-खाली हलवत राहा, पिन सुटली की हलकी टिक जाणवते. मग पट्टी उभी धरून, रनरची बॉडी बोटांनी पकडून, आधी ज्या बाजूने आला त्याच बाजूला मागे घ्या, पुढे नाही. गंज सोडवणारा स्प्रे जास्त लवकर आत शिरतो हे खरं, पण तो थेट मारला तर कापडावर डाग पडतो, आणि तेल कुठलंही असो, जास्त राहिलं तर त्यावर धूळ बसते आणि चेन पुन्हा जाम होते, त्यामुळे उरलेलं लगेच टिपून घ्या.

जुन्या चेनमध्ये दोन्ही प्रकार एकत्र असतात, तेव्हा मी आधी व्हिनेगर, वाळवणं, मग तेल असंच करेन, उलट केलं तर तेलाच्या थराखाली व्हिनेगर पोचतच नाही. मेण सगळ्यात शेवटी, स्वच्छ कोरड्या दातांवर. पेन्सिलचं शिसंही चालतं पण फिक्या कापडावर काळं उतरतं.

रनर सुटला पण मागे दात जुळत नाहीयेत, तर तो फाकलाय किंवा झिजलाय, तिथे यातलं काहीच कामाचं नाही. दात शाबूत असतील तर नुसता रनर बदलून मिळतो, अख्खी चेन उसवायची गरज नाही.