रोखे विकावेत की रेपो करावा, आणि रेपोसाठी कोणता कागद द्यावा?

द्राक्षाचा हंगाम भरात आला की पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातल्या व्यापाऱ्यांची कॅश क्रेडिट खाती उचल घ्यायला लागतात. त्याच सुमारास एखाद-दुसरी मोठी ठेवही मोडली जाते. नाशिकच्या एखाद्या मध्यम आकाराच्या नागरी सहकारी बँकेला मग सात दिवसांसाठी दहा कोटी कमी पडतात. तिजोरीत सरकारी रोखे आहेत, हाताशी रोकड नाही. हा आढावा अशा बँकेच्या गुंतवणूक विभागात बसून निर्णय घेणाऱ्यासाठी आहे. खालचे दर आणि हेअरकट हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत. तुमच्या दिवशीचे बाजारातून घ्या.

पहिला प्रश्न विकण्याचा. समजा दहा वर्षांच्या रोख्याचा बाजारभाव 94.50 आहे आणि पुस्तकात तो 98 ला आहे. दहा कोटी उभे करायला साधारण 10.58 कोटी दर्शनी किमतीचे रोखे विकावे लागतील आणि सुमारे 37 लाखांचा तोटा ताळेबंदात उतरेल. रेपोत तोच रोखा आज विकून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या किमतीला परत घ्यायचा करार होतो. सहा टक्के दराने दहा कोटींवर सात दिवसांचं व्याज 1,15,068 रुपये होतं. रोखा पुस्तकात राहतो आणि त्याचं व्याजही तुमचंच राहतं.

37 लाख विरुद्ध 1.15 लाख असं पाहून संचालक मंडळ चटकन रेपोकडे झुकतं, पण ही तुलना थोडी फसवी आहे. तो तोटा विकल्यामुळे जन्माला येत नाही. भाव पडला तेव्हाच तो झालेला असतो, विकल्यावर फक्त दिसतो. विचारायचं ते एवढंच, की सात दिवसांनी पैसे खरोखर परत येणार आहेत का. व्यापाऱ्यांची वसुली आठवड्यात येणार असेल तर रेपो बरोबर. ठेवी कायमच्या चालल्या असतील तर दर आठवड्याला रेपो पुढे ढकलत राहणं म्हणजे तोटा झाकून ठेवणं, आणि ज्या आठवड्यात समोरचा नाही म्हणेल त्या आठवड्यात पडेल त्या भावाला विकणं.

रेपो ठरला की हेअरकट येतो. सोनं तारण ठेवताना सराफ बाजारात कोणी पूर्ण किमतीइतके पैसे मोजत नाही, तसंच इथेही बाजारमूल्यातून काही टक्के वजा करून उरेल तेवढं कर्ज मिळतं. दोन टक्के हेअरकट असेल तर दहा कोटींसाठी 10.20 कोटींचे रोखे द्यावे लागतात, चार टक्के असेल तर 10.42 कोटींचे. हे आकडे बाजारमूल्याचे आहेत. भाव 94.50 असेल, तर चार टक्क्यांच्या हेअरकटला दर्शनी किंमत सुमारे 11.02 कोटी लागते (चढलेलं व्याज भावात धरलं तर किंचित कमी). दर्शनी किमतीवर हिशेब करून फोन उचलला की शेवटच्या क्षणी कागद कमी पडतो.

करारात आकडा कसा मांडलाय तेही पाहा. पाच टक्के हेअरकट म्हणजे 10.53 कोटींचे रोखे. कर्जाच्या वर पाच टक्के मार्जिन म्हणजे 10.50 कोटींचे. अडीच लाखांहून थोडा जास्तच फरक, पण दोन्हींना बोलताना लोक ‘पाच टक्के’च म्हणतात.

सात दिवसांच्या कर्जाला आणि तेही सरकारी रोख्यांवर हेअरकट का, असं नवीन माणूस हमखास विचारतो. देणाऱ्याला नुकसान व्हायला दोन गोष्टी एकदम घडाव्या लागतात: तुम्ही पैसे बुडवायचे आणि तोवर रोखा कर्जापेक्षा स्वस्त व्हायचा. तुम्ही बुडालात तर तो रोखा विकून पैसे काढेल, पण त्याच क्षणी नाही. रोख्याचं मूल्य रोज तपासून, भाव पडल्याने आलेली तूट तुमच्याकडून आणखी रोखे किंवा रोकड घेऊन भरली जात असेल, तर शेवटची भर आल्यापासून तुमची चूक लक्षात येऊन, नोटीस जाऊन, बाजारात गिऱ्हाईक मिळेपर्यंत दोन-तीन दिवस जातात. हेअरकट त्या मधल्या दिवसांतल्या भावाच्या घसरणीसाठी असतो. म्हणून कर्ज सात दिवसांचं की चौदा यापेक्षा कागद किती झोके घेतो आणि किती लवकर विकला जातो, यावर त्याचा आकडा ठरतो.

आता कागद शेजारी-शेजारी ठेवू. यील्ड म्हणजे चालू बाजारभावाला रोख्यावर मिळणारा परतावा; ते चढलं की भाव पडतो. दोन दिवसांत यील्ड 0.30 टक्के बिंदूंनी वर गेलं असं धरू. सगळीकडे कर्ज दहा कोटी.

| कागद | धरलेला हेअरकट | द्यावं लागणारं बाजारमूल्य | भावातली घसरण | भरून द्यावी लागणारी तूट |
|---|---|---|---|---|
| 60 दिवस उरलेलं ट्रेझरी बिल | 0.5% | 10.05 कोटी | 0.05% | सुमारे 50 हजार |
| दहा वर्षांचा केंद्र सरकारचा रोखा | 2% | 10.20 कोटी | 2.1% | सुमारे 21 लाख |
| तीस वर्षांचा केंद्र सरकारचा रोखा | 4% | 10.42 कोटी | 3.6% | सुमारे 37 लाख |
| तीन वर्षांचा कंपनी रोखा | 10% | 11.11 कोटी | 0.8% | सुमारे 9 लाख |

घसरणीचा आकडा सोपा आहे: यील्डमधला बदल गुणिले रोख्याचं मॉडिफाइड ड्युरेशन, म्हणजे यील्ड एक टक्का बिंदू हललं तर भाव किती टक्के हलतो तो आकडा. दहा वर्षांच्या रोख्याला ते सात धरलं, तीस वर्षांच्याला बारा. दुसऱ्या ओळीत पाहा, दोन टक्क्यांचा हेअरकट दोन दिवसांतच संपून गेला. मधल्या काळात तूट भरून आली नसती आणि तुम्ही पैसे चुकवले असते, तर देणारा थोडक्यात का होईना पण तोट्यात गेला असता.

असा चढ कल्पनेतला नाही. मे 2013 च्या अखेरीस आपल्याकडे दहा वर्षांचं यील्ड सव्वासात टक्क्यांच्या आसपास होतं. रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 15 जुलैला एमएसएफचा, म्हणजे बँकांना रात्रभरासाठी तातडीचं कर्ज देण्याचा, दर एकदम दोन टक्के बिंदूंनी वाढवून 10.25 टक्के केला, आणि ऑगस्टमध्ये यील्ड नऊच्या वर गेलं. लांब मुदतीचे रोखे देऊन पैसे उचललेल्यांना त्या आठवड्यांत भाव पडल्याचा आणि तूट भरण्याचा मार एकदमच बसला. ट्रेझरी बिलं देणाऱ्याला हा मार बराच हलका बसतो.

तक्त्याची शेवटची ओळ विचित्र वाटेल. कंपनी रोख्याचा भाव दहा वर्षांच्या सरकारी रोख्यापेक्षा कमी हलला, तरी हेअरकट पाचपट. कारण तिथे भीती व्याजदराची नाही, गिऱ्हाईक न मिळण्याची आणि पत एका रात्रीत घसरण्याची आहे. आयएल अँड एफएसचं कर्ज ऑगस्ट 2018 पर्यंत ट्रिपल-ए दर्जाचं मानलं जात होतं. सप्टेंबरमध्ये कंपनीने हप्ते चुकवले. अशा कागदावर देणारा ड्युरेशनचं गणित मांडत बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या रेपो निर्देशांत शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनी रोख्यांसाठी दोन टक्के ही किमान मर्यादा ठेवली, वरचं दोघांनी ठरवायचं. संकटात हे ‘वरचं’च फुगतं: 2007 च्या सुरुवातीला अमेरिकेत काही गहाणाधारित रोख्यांवर जवळजवळ शून्य हेअरकट होता, 2008 च्या अखेरीस त्यातल्या कित्येकांवर कर्जच मिळेना.

राज्य सरकारचे रोखे केंद्राचे रोखे आणि कंपनी रोखे यांच्या मध्ये बसतात. रिझर्व्ह बँक स्वतः कर्ज देताना त्यांच्यावर केंद्राच्या रोख्यांपेक्षा जास्त मार्जिन घेते. त्यामागे महाराष्ट्र सरकार बुडेल ही शंका असण्यापेक्षा त्यांची कमी उलाढाल हे कारण मला पटतं.

माझं मत: सात दिवसांची गरज असेल आणि पर्याय असेल तर ट्रेझरी बिलं द्या. पण बहुतेक सहकारी बँकांकडे ती फारशी नसतात, आणि असतात ती रोकडीसारखीच असल्याने विकणंही सोपं असतं. मग खरी निवड दहा वर्षांचा रोखा आणि त्याहून लांबचा रोखा यांत उरते. तिथे एसएलआर, म्हणजे ठेवींच्या प्रमाणात बँकेने कायद्याने बाळगायच्या रोख्यांसारख्या मालमत्तेचा वाटा, पाहावा लागतो. रेपोत दिलेला रोखा तुमच्या एसएलआरमध्ये धरला जात नाही, म्हणून 18 टक्क्यांच्या वर जेवढे जास्तीचे रोखे असतील तेवढ्यांतच हा खेळ खेळायचा.

समजा जास्तीचे रोखे 10.80 कोटींचे आहेत, सगळे दहा वर्षांचे. दोन प्रस्ताव आले: एकाचा दर 6.00 टक्के आणि हेअरकट दोन टक्के, दुसऱ्याचा दर 5.85 टक्के आणि हेअरकट सहा टक्के. दुसऱ्यात सात दिवसांत 2,877 रुपये वाचतात. पण त्याला 10.64 कोटींचे रोखे लागतात आणि हाती जेमतेम 16 लाखांचे उरतात. वरचा 0.30 चा चढ आला तर तूट 22 लाखांची, म्हणजे ती भरायला रोकड काढावी लागेल, जी नाही म्हणून तर रेपो केला. पहिल्या प्रस्तावात 60 लाखांच्या आसपास शिल्लक राहते आणि 21 लाखांची तूट आरामात भरते. तीन हजार रुपयांसाठी मी दुसरा घेणार नाही. जास्तीचे रोखे वीस कोटींचे असते तर मात्र डोळे झाकून घेतला असता.

हेअरकट ही फी नाही, रोखे परत येतात. पण ते परत येईपर्यंत कर्जापेक्षा जास्त मूल्याचा तुमचा कागद देणाऱ्याकडे असतो, आणि रेपोत मालकी कायद्याने त्याच्याकडे गेलेली असते. तोच बुडाला तर सहा टक्क्यांच्या हेअरकटमध्ये तुमचे 64 लाख त्याच्याकडे अडकतात. म्हणून मोठा हेअरकट मागणारा देणारा स्वतः किती भक्कम आहे, हेही तपासायला हवं.

ही काळजी ट्रेप्स या त्रिपक्षीय रेपोच्या बाजारात बरीच कमी होते. नोव्हेंबर 2018 मध्ये सीबीएलओच्या जागी आलेल्या या बाजारात क्लिअरिंग कॉर्पोरेशन दोघांच्या मध्ये उभं राहतं. तुम्ही रोखे त्यांच्याकडे ठेवता, हेअरकट वजा जाऊन तुमची मर्यादा ठरते, आणि पैसे कोणी दिले ते तुम्हाला कळत नाही, त्यालाही तुम्ही कळत नाही. त्यामुळे वजावट तुमच्या नावावर नाही, कागदावर ठरते. छोट्या बँकेला हे सोयीचं, कारण मुंबईच्या डीलिंग रूममध्ये नाशिकच्या नावाला मिळणारा थंड प्रतिसाद इथे आडवा येत नाही. समोरासमोरच्या रेपोत मुदत आणि कागद तुमच्या मनासारखे ठरवता येतात, पण हेअरकटमध्ये तुमची पतही मोजली जाते. सदस्यत्व असेल आणि गरज एक ते सात दिवसांची असेल, तर आधी ट्रेप्सचा दर पाहा. समोरासमोरचा प्रस्ताव त्याच्याशी तोलताना दराबरोबर किती कागद मोकळा राहतो तेही लिहून काढा.