निदान न सांगता आजारपणाची रजा: मराठी दाखला आणि इंग्रजी अनुवाद, काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षअखेरीपासून मला मधूनमधून आजारपणाची रजा घ्यावी लागते. उपचारच तसे आहेत. आजार कोणता हे ऑफिसात सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. माझं ऑफिस खराडीला, एचआर गुरुग्रामला, डॉक्टर सदाशिव पेठेत आणि त्यांचा दाखला मराठीत. त्यामुळे दर रजेला दाखल्याबरोबर इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो. त्यासाठी जी पद्धत बसली आहे तिच्याबद्दल लिहितेय. पद्धत चालते, पण एका अटीवर: निदान झाकायचं काम अनुवादकाच्या गळ्यात मारायचं नाही, ते डॉक्टरांच्या टेबलावरच उरकायचं.

माझ्या अनुवादक कोथरूडच्या एक ताई आहेत. कोर्टाची आणि शाळांची कागदपत्रं वर्षानुवर्षं करतात. आजाराचं नाव तेवढं गाळा म्हणून त्यांच्याकडे बरेच जण येतात आणि त्या सगळ्यांना नाही म्हणतात. कारण साधं आहे. अनुवादाच्या खाली त्या सही करतात ती 'मला दिलेल्या कागदावरचा संपूर्ण मजकूर अनुवादला आहे' या वाक्याखाली. एक शब्द गाळला तरी ते वाक्य खोटं ठरतं. शिवाय अनुवाद एकटा जात नाही, मूळ दाखला सोबत जातोच. गुरुग्रामला मराठी वाचता येत नसेल, पण खराडीत आमच्या टीममध्ये निम्मे लोक साताऱ्या-सांगलीचे आहेत. मॅनेजरने मेल पुढे पाठवला की संपलं.

म्हणून दाखलाच वेगळा घ्यायचा. इथे डॉक्टरांच्या छापील पॅडची अडचण येते. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या आचारसंहितेत रजेच्या दाखल्याचा एक नमुना दिलेला आहे आणि बहुतेक पॅड त्याच वळणाचे असतात: रुग्णाची सही, ओळखीची खूण, मग 'हे ... या आजाराने ग्रस्त असून' आणि पुढे किती दिवसांची रजा. आजारासाठी रिकामी जागाच आखलेली. डॉक्टर सवयीने ती भरतात, त्यात त्यांचा काही हेतू नसतो. पण त्याच नियमावलीत रुग्णाची गुपितं सांगायची नाहीत हेही आहे. अपवाद कोर्टाचा आदेश, इतरांना गंभीर धोका आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार यांचा. आमच्या डॉक्टरांनी म्हणूनच पॅड बाजूला ठेवलं आणि लेटरहेडवर हाताने लिहून दिलं. तो मजकूर असा:

'मी यांना ३ मार्च रोजी तपासले. वैद्यकीय कारणास्तव त्या ३ मार्च ते १२ मार्च (दोन्ही दिवस धरून, एकूण १० दिवस) कामावर हजर राहण्यास असमर्थ आहेत. १३ मार्चपासून रुजू होण्यास हरकत नाही. निदानाची नोंद माझ्याकडे आहे व ती रुग्णाच्या लेखी संमतीने देता येईल.'

खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख. निदान त्यांच्या दाखल्यांच्या नोंदवहीत गेलं; दिलेल्या दाखल्यांची अशी वही ठेवणं डॉक्टरांना बंधनकारकच आहे. म्हणजे लपवाछपवी काही नाही, फक्त माहिती योग्य कपाटात राहिली.

या चार ओळींतली दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. 'विश्रांतीची गरज आहे' एवढंच लिहिलेला दाखला निदानासह चालून जातो, कारण वाचणारा स्वतःच अंदाज बांधतो की या आजारात माणूस कामावर येऊ शकत नाही. निदान काढलंत की तो आधार जातो आणि एचआर विचारतं, 'मॅम, विश्रांती घरून काम करतानाही घेता येईल ना?' त्यामुळे कामावर येता येणार नाही, हे डॉक्टरांनीच स्पष्ट लिहायला हवं. तपासल्याची तारीखही हवीच, नाहीतर दाखला न तपासता दिलाय असं वाटतं. आणि शेवटची ओळ मुद्दाम आहे: ती असली की 'निदान राहून गेलं का?' असा प्रश्न येत नाही.

दुसरी वाट बरेच जण घेतात, ती म्हणजे 'व्हायरल फिव्हर लिहा ना डॉक्टर'. आमचे डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत आणि बरोबर करतात. खोटा दाखला हा डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरतो, आणि दर महिन्याला व्हायरल येणारी बाई एचआरलाही खरी वाटत नाही.

आता लेटरहेड. मजकूर कितीही स्वच्छ असो, वर 'मानसोपचारतज्ज्ञ' किंवा 'वंध्यत्व निवारण केंद्र' असं ठळक छापलेलं असेल तर निदान सांगून झालंच. अनुवादात ते येणारच, कारण शिक्का आणि शीर्षकही अनुवादायचे असतात. मुख्य उपचार स्पेशालिस्टकडे असले तरी माझा दाखला येतो तो सदाशिव पेठेतल्या फॅमिली डॉक्टरांकडून. स्पेशालिस्टची फाइल त्यांच्याकडे असते आणि दाखल्याआधी ते स्वतः तपासतात. तुमचे फॅमिली डॉक्टर या गोष्टीला तयार नसतील तर हा मार्ग बंद, त्यांच्यावर जबरदस्ती करता येत नाही. स्पेशालिस्टचाच दाखला द्यावा लागला तर मोठ्या हॉस्पिटलमध्ये विभागाचं नाव नसलेलं साधं लेटरहेड मिळतं का विचारा. तरीही डॉक्टरांची पदवी नावापुढे असते आणि नोंदणी क्रमांकावरून ती शोधताही येते. ठरवून शोधणाऱ्यापासून काहीच लपत नाही. आपल्याला फक्त सहज नजरेला पडणं टाळायचं आहे.

अनुवादाचा प्रत्यक्ष अनुभव चांगला. एका पानाला त्या काही शे रुपये घेतात आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी देतात. त्यांनी सुरुवातीलाच दोन गोष्टी मागितल्या. एक, कंपनीच्या रेकॉर्डवर माझं नाव इंग्रजीत जसं आहे तसं, वडिलांच्या की नवऱ्याच्या नावासह, कारण मराठी नाव रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतं आणि पोर्टल नाव जुळलं नाही की परत पाठवतं. दोन, तारखा. अनुवादात त्या महिना अक्षरात लिहितात. पण मूळ कागदावरच्या अंकांनीही घोळ होतो, हे मला एका मेलवरून कळलं. एचआरच्या मुलाने मूळ दाखला अनुवादाशी ताडून बघितला होता आणि '४ तारखेची रजा अनुवादात चार, मूळ कागदावर आठ कशी?' असं विचारलं होतं. आपला ४ त्याला इंग्रजी 8 वाटला. हस्ताक्षरातला १ आणि ९ तर आपल्यालाही फसवतो. तेव्हापासून डॉक्टर तारीख अंकांत लिहून शेजारी अक्षरात 'चार' लिहितात आणि ताई तळाशी टीप देतात की मूळ अंक देवनागरी आहेत. हा प्रश्न पुन्हा आला नाही.

एकदा मात्र जुनाच कागद द्यावा लागला, निदान लिहिलेला, कारण डॉक्टर परगावी होते. तिथे उपाय म्हणजे कागद झाकून मगच अनुवादकाला देणं. ताई त्या जागी कंसात 'मूळ प्रतीत हा भाग झाकलेला आहे' असं लिहितात, म्हणजे त्यांची सही खरी राहते आणि वाचणाऱ्यालाही कळतं की काहीतरी मुद्दाम झाकलंय. झाकायचं कसं, यात मात्र लोक सर्रास फसतात. फोनवर फोटो उघडून हायलायटरने काळं केलं तर तो रंग बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो. ब्राइटनेस वाढवला की खालचं अक्षर वर येतं. टाइप केलेल्या पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर तसाच शिल्लक राहतो, सिलेक्ट करून कॉपी केला की पेस्ट होतो. मार्करने कागदच काळा केला तर उजेडात धरून मागून वाचता येतो. मी झेरॉक्सवाल्याकडे आजाराच्या ओळीवर जाड पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली, झेरॉक्स काढली आणि ती झेरॉक्स स्कॅन केली. त्या स्कॅनमध्ये झाकलेला मजकूर उरतच नाही. फाइलचं नावही बघा. हॉस्पिटलातून आलेल्या पीडीएफच्या नावात विभागाचं नाव असायचं. ते बदलून फक्त 'मेडिकल सर्टिफिकेट मार्च' ठेवते.

एचआर डॉक्टरांकडे फोन करतं, हे गृहीत धरा. त्यांना दाखला खरा आहे का हे तपासायचा हक्क आहे. पण फोन उचलते रिसेप्शनवरची मुलगी. आमच्या दवाखान्यात तिने चांगल्या मनाने सांगितलं, 'हो हो, त्या नेहमी येतात, ट्रीटमेंट लांबची आहे ना.' त्या एका वाक्यावर मला पुढच्या आठवड्यात 'एव्हरीथिंग ओके?' असा मेल आला. आता डॉक्टरांनी फोनशेजारी चिठ्ठी लावली आहे: दाखला आम्ही दिला आहे, तारखा बरोबर आहेत, बाकी माहिती रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय नाही. ही चिठ्ठी पहिल्याच दिवशी लावून घ्या.

नोटरीची गरज मला पडली नाही आणि कंपनीने स्पष्ट मागितल्याशिवाय करूही नये. प्रत्येक कामाची नोंद नोटरीच्या रजिस्टरात होते, म्हणजे आणखी एक जण कागद वाचतो.

पद्धतीच्या मर्यादा आहेत. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमचा दावा करायचा असेल तर निदानाशिवाय तो होतच नाही. ते कागद थेट विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीएकडे पाठवा, एचआरला सीसीसुद्धा करू नका. आमच्याकडे ब्रोकरच्या मेलमध्ये एचआर आपोआप जोडलेलं असायचं, ते मी दर वेळी काढते. गर्भपातानंतरची कायद्याने मिळणारी सहा आठवड्यांची रजा हवी असेल तर कारण सांगावंच लागतं. सलग लांब रजा झाली की कंपनी स्वतःच्या डॉक्टरांकडून तपासणी मागू शकते. माझ्या बाबतीत ते एकदा आलं. कंपनीच्या डॉक्टरांनी फाइल बघितली आणि एचआरला फक्त 'कामास योग्य, दोन महिने रात्रपाळी नको' एवढंच लिहून दिलं. तो कागद इंग्रजीतच होता, त्यामुळे त्या वेळी ताईंकडे जावं लागलं नाही.