न्यूट्रॉनच्या राज्यात राजा नाही: कोरियन भाषांतरात श्लेष बदलण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत एकाच विज्ञान-व्याख्यानाची संहिता मी तीन वेळा कोरियनमध्ये उतरवली. विषय अणूची रचना, वेळ ४० मिनिटं, श्रोते शाळकरी मुलं आणि त्यांचे आईवडील. मूळ इंग्रजीत १४ विनोद. पहिल्या खेपेला मी विनोद तसेच ठेवले आणि प्रत्येकापुढे समजावणारं एक वाक्य जोडलं. सभागृह शांत राहिलं. दुसऱ्या खेपेपासून श्लेष टाकून देऊन त्याच जागी तेच काम करणारा कोरियन श्लेष बसवायला लागले. हा अनुभव त्या पद्धतीचा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो न्यूट्रॉनवर. मूळ विनोद पुष्कळांना माहीत असेल: न्यूट्रॉन बारमध्ये जातो, बिल विचारतो, आणि बारवाला म्हणतो, ‘तुला चार्ज नाही.’ इंग्रजीत चार्ज म्हणजे पैसेही आणि विद्युतभारही. कोरियनमध्ये पैशांचा शब्द वेगळा, बॅटरी चार्ज करण्याचा वेगळा आणि विद्युतभाराचा तिसराच, त्यामुळे बार वाचवण्यात अर्थ नव्हता. वाचवायचं होतं ते एवढंच, की न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो.

विद्युतभाराला कोरियनमध्ये ‘जॉन्हा’ म्हणतात. आणि जोसॉन या जुन्या कोरियन राजवटीतल्या राजाला दरबारी हाक मारत, तीही ‘जॉन्हा’च. ऐतिहासिक मालिकांमुळे ही हाक तिथल्या लहान मुलांच्याही कानात बसलेली असते. मग विनोद असा झाला: न्यूट्रॉनच्या राज्यातले दरबारी गप्प बसून असतात. का? तिथे ‘जॉन्हा’च नाही ना! शेवटच्या ‘ना’साठी कोरियनमध्ये ‘-गॉदुन्यो’ हा प्रत्यय आहे. कारण सांगता सांगता हळूच गंमत उघडी करायला तो नेमका लागतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी येण्याची मराठी सवय इथे माझ्या फार उपयोगी पडली.

खरी कसोटी पुढे होती. मूळ संहितेत हा ‘चार्ज’ इलेक्ट्रॉनच्या वेळी परत येतो, म्हणजे बदललेल्या श्लेषालाही परत येता आलं पाहिजे. ऋणभार म्हणजे ‘उम्जॉन्हा’. आणि ‘उम्…’ हा कोरियन माणूस बोलताना अडखळला की निघणारा आवाज! इलेक्ट्रॉन दरबारात येतो, घाबरतो आणि म्हणतो, ‘उम्… जॉन्हा…’ मुलं हसली आणि इलेक्ट्रॉनचा भार ऋण असतो हेही त्याच हसण्यात पोचलं. त्या दिवसापासून मी नियम केला: सुटा श्लेष शोधायचाच नाही. संहितेत तो विनोद कुठे कुठे परत येतो त्या सगळ्या जागा आधी लिहून काढायच्या, मग शब्द निवडायचा.

काही विनोद भौतिकशास्त्राचं काहीच सांगत नाहीत, फक्त दम घ्यायला असतात. तिथे मोकळीक जास्त. गुरुत्वाकर्षणाच्या भागातल्या अशाच एका विनोदाजागी मी न्यूटन आणला, कारण ‘साग्वा’ म्हणजे सफरचंदही आणि माफीही. झाडाने धप्पकन आवाज करून न्यूटनला दचकवलं, आणि त्याला लगेच ‘साग्वा’ मिळाली. इथे क्रियापदाने मला दोन दिवस छळलं. ‘साग्वा करणे’ म्हटलं तर फक्त माफी उरते, ‘खाणे’ म्हटलं तर फक्त सफरचंद. ‘मिळणे’ या अर्थाचं ‘पात्ता’च दोन्हीकडे चालतं. पहिल्या मसुद्यात सफरचंद डोक्यावर पडलं होतं. वक्त्यांनी ते काढायला लावलं, आणि ते बरोबरच होतं. ते डोक्यावर पडल्याचा काही पुरावा नाही.

एक श्लेष मी स्वतःच मागे घेतला. ‘यांगजा’ म्हणजे क्वांटम आणि दत्तक मुलगाही. कागदावर तो इतका चपखल बसला होता की सोडवेना. मजकूर तपासणाऱ्या बाईंना वाचून दाखवला, तर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘सन्सेंगनिम, समोर दत्तक गेलेलं मूल बसलं असेल तर?’ कोरियातून दशकानुदशकं हजारो मुलं परदेशात दत्तक दिली गेली आहेत. ती जखम मला ठाऊक होती आणि तरी सुचली नव्हती. त्या जागी आता विनोद नाही, सरळ वाक्य आहे.

शेवटचा हिशेब असा: १४ पैकी ९ विनोद बदलले, २ तसेच चालले, ३ गाळले. वेळ साध्या भाषांतराच्या जवळजवळ तिप्पट लागतो. मानधन ठरवताना हे आधीच सांगावं. तपासणी मी अशी करते: स्लाइड न दाखवता दोन कोरियन माणसांना विनोद ऐकवायचा, मग विचारायचं, न्यूट्रॉनबद्दल काय कळलं? हसली पण सांगता आलं नाही, तर श्लेष बाद.

आणि कागदावर सगळं जमलं तरी उच्चार राहतो. भरभर बोलताना ‘जॉन्हा’मधला ह गळतो, आणि टेलिफोनला म्हणतात ‘जॉन्ह्वा’, त्याचंही तसंच होतं. दुसऱ्या प्रयोगात वक्ते घाईत बोलले आणि मागच्या रांगेतल्या मुलांना न्यूट्रॉनकडे फोन नाही असं ऐकू आलं. आता संहितेत त्या शब्दाआधी मी ‘थांबा’ लिहिते, आणि पहिली हाक दरबारातल्यासारखी लांबवायला सांगते: ‘जॉऽऽन्हा!’