25 मिमीचा शाफ्ट: 0.02 चा व्हर्नियर आणि 0.001 चा मायक्रोमीटर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापर कुठला ते आधी. भोसरीतलं जॉब-वर्कचं छोटं शॉप, काम मुख्यतः मोटर शाफ्टचं. हत्यारं दोन: 0–150 मिमीचा साधा व्हर्नियर, लीस्ट काउंट 0.02 मिमी, आणि 25–50 मिमीचा आउटसाइड मायक्रोमीटर, स्लीव्हवर जादा व्हर्नियर रेषा असलेला, लीस्ट काउंट 0.001 मिमी. दोन्ही रोज हातात. हा अनुभव एकाच मापाभोवती आहे: 6205 बेअरिंग बसते ती 25 मिमीची सीट, ड्रॉइंगवर 25 k6.

25 k6 म्हणजे 25.002 ते 25.015. पट्टा फक्त 13 मायक्रॉनचा. व्हर्नियरच्या मुख्य पट्टीवरचे 49 मिमी सरकत्या पट्टीवर 50 भागांत वाटलेले असतात. म्हणजे तिथला एक भाग 0.98 मिमीचा, आणि 1 वजा 0.98 हे 0.02 झालं लीस्ट काउंट. आता हा व्हर्नियर 25 च्या आसपास काय दाखवू शकतो? 25.00 किंवा 25.02. मधलं काही नाही. आणि ही दोन्ही वाचनं k6 च्या पट्ट्याबाहेर आहेत! माल शंभर टक्के बरोबर असला तरी व्हर्नियर त्याला ‘बरोबर’ म्हणूच शकत नाही. व्हर्नियरवर माप बघून पास केलेली k6 सीट म्हणजे निव्वळ अंदाज.

साध्या मायक्रोमीटरचा स्क्रू एका फेरीत 0.5 मिमी पुढे जातो आणि थिंबलवर 50 भाग असतात, म्हणून लीस्ट काउंट 0.01. त्यावर या पट्ट्यात एकच रेषा येते, 25.01. काम भागतं, पण कडेचा माल रेषांच्या मधला अंदाज घेऊन ठरवावा लागतो. म्हणूनच 0.001 चा घेतला, आणि या कामासाठी तो योग्यच ठरला. मात्र एक गैरसमज नको: लीस्ट काउंट 0.001 असलं म्हणजे अचूकताही 0.001 असते असं नाही. या आकाराच्या मायक्रोमीटरला 4 मायक्रॉनपर्यंतची चूक मानकात मान्य असते. कडेच्या मापाला 1.01, 4 आणि 20 च्या स्लिप गेज जोडून 25.010 चा ठोकळा करायचा, मायक्रोमीटर त्यावर काय दाखवतो ते बघायचं आणि मग शाफ्ट मोजायचा. या तुलनेत हत्याराची स्वतःची चूक बरीचशी निघून जाते.

आता वाचनातल्या चुका. व्हर्नियरवर सगळ्यात जास्त वेळा दिसते ती अशी. ग्राइंडिंगला 0.3 ठेवून टर्न केलेला शाफ्ट: मुख्य पट्टीवर 25, सरकत्या पट्टीची 15 वी रेषा जुळलेली, तिच्यावर आकडा 3. खरं वाचन 25 अधिक 15 गुणिले 0.02, म्हणजे 25.30. नवा मुलगा रेषा मोजतो आणि 25.15 लिहितो. आकडा 3 म्हणजे 0.30, हे एकदा डोक्यात बसलं की ही चूक जाते.

दुसरी चूक वाचायची नाही, धरायची आहे. व्हर्नियरची पट्टी एका रेषेत आणि शाफ्ट तिच्यापासून दूर, जबड्यात. स्लाइड थोडी ढिली असेल आणि अंगठा जोरात दाबला, तर सरकता जबडा कलतो. एक मिनिट कोनाचा कल आणि पट्टीपासून 30 मिमी अंतर धरलं तर जवळपास 9 मायक्रॉन गेले, तेही कमी बाजूला. ओळखायची सोपी खूण: तोच शाफ्ट एकदा पट्टीजवळ धरून मोजा, एकदा जबड्याच्या टोकाकडे. वाचन बदललं तर गिब स्क्रू बघा, नाहीतर जबडे झिजलेत. मायक्रोमीटरमध्ये स्क्रू आणि मापाची रेषा एकाच अक्षावर असतात, म्हणून हा त्रास जवळजवळ नसतो.

पण मायक्रोमीटरची स्वतःची एक खोड आहे आणि ती 25 मिमीलाच नेमकी नडते. 25–50 चा मायक्रोमीटर आपल्या सुरुवातीच्या टोकावर काम करतो. शाफ्ट कमी झाला, समजा 24.99, तर थिंबल शून्याच्या अलीकडे 49 वर थांबतं. स्लीव्हवरचा आकडा न बघता कोणी 25 अधिक 0.49 असं 25.49 वाचतो. तसंच अर्ध्या मिमीच्या रेषेचं. थिंबल 48 वर असताना पुढची रेषा कडेखालून डोकावते आणि उघडली असं वाटतं, पण थिंबल शून्य ओलांडेपर्यंत ती मोजायची नसते. दोन्ही चुका अर्ध्या मिमीच्या आहेत, म्हणून आधी व्हर्नियर लावून ढोबळ माप घ्यायचं. आमच्याकडे व्हर्नियर अजून टेबलावर आहे तो याच कामासाठी आणि टर्निंगसाठी.

शून्यदोषाची वजाबाकी उलटी करणं हीही नेहमीची गोष्ट. सोबत आलेला 25 मिमीचा सेटिंग रॉड पुसून मोजला आणि 25.004 आलं, तर हत्यार 4 मायक्रॉन जास्त दाखवतंय. शाफ्टवर स्लीव्हची 25 ची रेषा उघडी, थिंबल 1 च्या थोडं पुढे, आणि जादा रेषांपैकी 3 ची जुळली: वाचन 25.013. खरं माप 25.009, पास. बेरीज केली तर 25.017, आणि चांगला माल रिजेक्टच्या ट्रेमध्ये. आठ महिन्यांत आमच्या मायक्रोमीटरचं शून्य सुमारे 3 मायक्रॉन सरकलं, ते पान्याने स्लीव्ह फिरवून परत आणलं. शून्य रोज सकाळी बघायचं, आणि आधी अ‍ॅन्व्हिल व स्पिंडलमध्ये स्वच्छ कागद हलका धरून ओढून काढायचा. तेलात चिकटलेली ग्राइंडिंगची धूळ एवढा फरक सहज दाखवते.

रॅचेट हवंच. दोन-तीन टकटक झाल्या की थांबायचं, थिंबल धरून पिळायचं नाही. रॅचेटही झटक्यात फिरवलं तर स्पिंडल वेगाने आदळतो आणि माप कमी येतं.

तापमानाचं गणित या पट्ट्यात टाळता येत नाही. स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं. 25 मिमीचा शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा 15 अंश गरम असेल तर सुमारे 4 मायक्रॉन जास्त दिसतो. मशीनवर गरम असताना 25.005 दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही. थंड झाल्यावर तेच 25.001 होतं, खालची मर्यादा सुटते, आणि घासून गेलेलं मटेरियल परत येत नाही. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये हत्यार आणि शाफ्ट दोन्ही सारखेच तापलेले असतात, तेव्हा फरक बराच कटतो. डिसेंबरच्या सकाळी गार मायक्रोमीटर आणि मशीनवरून नुकताच उतरवलेला शाफ्ट ही जोडी जास्त फसवते. मायक्रोमीटर स्टँडवर लावला तर हाताची ऊबही वाचते.

जागा कुठली धरता यालाही महत्त्व आहे. सीटची रुंदी 15 मिमी, अ‍ॅन्व्हिलचा व्यास साधारण साडेसहा मिमी, म्हणजे लांबीत दोनच जागा नीट बसतात. खांद्याकडे जास्त सरकलात तर अ‍ॅन्व्हिल त्रिज्येवर चढतो आणि माप फुगतं. दोन्ही जागी शाफ्ट 90 अंश फिरवून दोन-दोन वाचनं घ्या: जागांमधला फरक म्हणजे टेपर, फिरवल्यावर पडणारा फरक म्हणजे लंबगोलपणा.

सेंटरलेस ग्राइंडिंगचा माल असेल तर तीन उंचवटे असलेला शाफ्ट मायक्रोमीटरला सगळीकडून एकच व्यास दाखवतो, कितीही फिरवा. तिथे व्ही-ब्लॉकवर शाफ्ट ठेवून डायल गेज लावावा लागतो. लीस्ट काउंट कितीही बारीक असलं तरी दोन बिंदूंत धरणाऱ्या हत्याराला हा दोष दिसत नाही.