व्हिसा खरा, नोकरी खोटी: यूकेच्या केअरर स्पॉन्सरशिपमध्ये आमचे चौदा लाख कसे गेले

मी जीएनएम नर्स आहे. सांगलीत खासगी हॉस्पिटलमध्ये काम करत होते. 2023च्या अखेरीस एका कन्सल्टन्सीमार्फत इंग्लंडमधल्या केअर कंपनीत केअररच्या, म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या मदतनिसाच्या, नोकरीची ऑफर आली आणि 2024च्या फेब्रुवारीत मी लेस्टरजवळच्या एका छोट्या शहरात पोचले. एजंटने एकूण चौदा लाख घेतले. त्यातल्या दीड लाखाचीच पावती दिली, तीही 'सल्ला शुल्क' म्हणून. बाकी सगळी रोख. अशा फसवणुकीत कागद खोटे असतात असं बहुतेकांना वाटतं. माझा एकही कागद खोटा नव्हता, म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

यूकेत कामाच्या व्हिसासाठी मालकाकडे होम ऑफिसचं, म्हणजे तिथल्या गृहखात्याचं, स्पॉन्सर लायसन्स लागतं. तो मालक तुमच्या नावाने सीओएस, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप काढतो. नावात सर्टिफिकेट असलं तरी ती ऑनलाइन नोंद असते आणि आपल्या हाती येतो तो तिचा नंबर. नोंदीत पद, कामाचे तास, पगार आणि रुजू व्हायची तारीख असते. माझ्या सीओएसवर आठवड्याला साडेसदतीस तास आणि वर्षाला 20,960 पौंड लिहिलं होतं. तेव्हा केअररसाठी तोच किमान पगार होता. कंपनीचं नाव सरकारी यादीत होतं, व्हिसाही रीतसर मिळाला. पण कंपनीकडे तेवढं काम आहे का, हे व्हिसा देणारा अधिकारी तुमच्यासाठी तपासून ठेवत नाही. तुम्ही ते स्वतः तपासणार नाही, याच भरवशावर एजंटचा सगळा धंदा चालतो.

आधी खर्चाचं बघू. हेल्थ अँड केअर व्हिसाची तीन वर्षांपर्यंतची फी तेव्हा 284 पौंड होती, म्हणजे साधारण तीस हजार रुपये. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेसाठी भरावा लागणारा हेल्थ सरचार्ज या व्हिसाला माफ असतो. त्यावर टीबीची तपासणी, इंग्रजीची परीक्षा आणि विमानाचं तिकीट. सीओएसची सरकारी फी 239 पौंड होती आणि ती मालक भरतो. सगळं हात सैल सोडून धरलं तरी दोन लाखांच्या आत बसतं. मग उरलेले बारा लाख कशाचे? स्पॉन्सरशिप विकल्याचे. ही विक्री बेकायदा आहे. यूकेच्या आरोग्य क्षेत्रातल्या भरतीच्या आचारसंहितेनुसार उमेदवाराकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घ्यायचेच नसतात. भारतातही नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. एजंट नोंदणीकृत आहे का, ते emigrate.gov.in वर दिसतं. आमचा तिथे नव्हता.

घाई करायला त्याच्याकडे कारणही खरंच होतं. 11 मार्च 2024 पासून केअररना नवरा-मुलांना सोबत नेता येणार नाही, असा नियम जाहीर झाला होता. "सिस्टर, आता नाही केलंत तर साहेबांना कधीच नेता येणार नाही," असं तो रोज फोनवर सांगायचा. खऱ्या नियमाच्या जोरावर तो आम्हाला खोट्या नोकरीत ढकलत होता.

तिथे पोचल्यावर 'पहिला महिना राहण्याची सोय' म्हणजे एका घरात चौघींना दोन खोल्या, आणि त्याचं भाडं पुढच्या पगारातून कापणार. घरोघरी जाऊन वृद्धांची सेवा करायचं काम होतं. त्याला गाडी लागते, कारण एका पेशंटकडून दुसऱ्याकडे बसने वेळेत पोचता येत नाही. भारतीय लायसन्सवर तिथे बारा महिने गाडी चालवता येते, पण नव्या माणसाचा विमा फार महाग पडतो. ऑफर लेटरमध्ये गाडीचा उल्लेखही नव्हता. आणि रोट्यावर, म्हणजे कामाच्या वेळापत्रकावर, माझ्या नावापुढे आठवड्याला बाराच तास होते. "नवीन पॅकेज येतायत, थोडं थांबा," असं मॅनेजर म्हणायची. पॅकेज म्हणजे एका पेशंटच्या सेवेचं काम.

बारा तास, तासाला 10.75 पौंड, म्हणजे महिन्याला सुमारे 560 पौंड. खोलीचं भाडं 475. उरले 85. इकडे बँकेच्या कर्जाचा हप्ता साधारण तीस हजार, म्हणजे 290 पौंड. कबूल केलेले पूर्ण तास मिळाले असते तर कर वगैरे वजा जाता पंधराशेच्या आसपास हातात आले असते आणि काटकसरीने का होईना, गणित जुळलं असतं. वार्षिक पगाराला रुपयाच्या भावाने गुणून 'महिना पावणेदोन लाख' सांगणारा माणूस भाडं, प्रवास आणि तासांची हमी या तिन्ही गोष्टी वगळून बोलत असतो.

दुसरीकडे काम का नाही केलं, असं नातेवाईक विचारायचे. स्पॉन्सर्ड माणसाला आठवड्याला वीस तासांपर्यंत जादा काम करता येतं, पण त्यासाठी सीओएसवर लिहिलेली मूळ नोकरी चालू असावी लागते. मूळ कामच बारा तासांचं असताना जादा कामावर जाणं म्हणजे स्वतःचा व्हिसा धोक्यात घालणं. तासांची तक्रार केली की स्पॉन्सरशिप काढून घ्यायची धमकी यायची. उन्हाळ्यात होम ऑफिसने कंपनीचं लायसन्सच रद्द केलं आणि आम्हाला पत्रं आली: 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधून अर्ज करा, नाहीतर देश सोडा.

हे सगळं सांगलीत बसूनही कळलं असतं, आणि फुकट. Companies House या सरकारी साइटवर कंपनीचे वार्षिक हिशेब असतात आणि त्यात सरासरी कर्मचारी किती तेही दिलेलं असतं. आमच्या कंपनीपुढे चार होते, आणि माझ्या आधी-नंतर तिथे आलेल्या मुलींची संख्या त्याच्या कितीतरी पट होती. CQC ही इंग्लंडमधल्या केअर सेवांवर देखरेख ठेवणारी संस्था. तिच्या साइटनुसार या कंपनीची एकदाही तपासणी झालेली नव्हती. जिथे 'Dormant' लिहिलेलं असतं तिथे सेवा चालूच नसते. लायसन्सच्या यादीत नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नका. सध्या किती पेशंट आहेत, कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाचा, करार आहे का, करारात किमान तास लिहून देणार का, हे थेट कंपनीला मेलवर विचारा. खरा मालक उत्तर देतो. मध्ये एजंटच बोलत राहिला तर तिथेच थांबा.

नर्स म्हणून जाणाऱ्यांनी एक फरक ओळखावा. यूकेच्या सरकारी आरोग्य सेवेतली हॉस्पिटलं चालवणारे अनेक एनएचएस ट्रस्ट व्हिसा, विमानाचं तिकीट, नर्स म्हणून नोंदणीसाठी लागणाऱ्या ओएससीई या प्रात्यक्षिक परीक्षेची पहिली फी आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांचं राहणं स्वतः भरतात. मात्र काही वर्षांच्या आत नोकरी सोडली तर त्यातले किती पैसे परत द्यावे लागतील, ते कलम सही करण्याआधी वाचा.

आणि केअररची ऑफर आज कोणी दाखवली तर तपासायलाही बसू नका. 22 जुलै 2025 पासून परदेशातून केअरर आणि सीनियर केअररची नवी भरती यूकेने बंद केली आहे. तरीही आमच्या भागात अजून 'शेवटच्या जागा' म्हणून फोन येतात.

तिकडे अडकलेल्यांनी एजंटच्या भरवशावर राहू नये. इंग्लंडमध्ये लायसन्स गेलेल्या कंपन्यांच्या केअररना दुसरा मालक शोधून देणाऱ्या प्रादेशिक भागीदाऱ्या सरकारी पैशावर चालतात. मला नवी जागा त्यांच्यामार्फतच मिळाली, एक पैसाही न देता. 60 दिवसांच्या आत नव्या व्हिसाचा अर्ज दाखल झाला की निर्णय येईपर्यंत थांबता येतं. रोटा, पे-स्लिपा, मॅनेजरचे मेसेज आणि पैसे दिल्याचे पुरावे पहिल्या दिवसापासून जपा. सांगलीत आमची पोलीस तक्रार दीड लाखाच्या पावतीवर आणि व्हॉट्सॲपवरच्या संभाषणावर उभी आहे. उरलेल्या रोख रकमेचा दुसरा पुरावा आमच्याकडे नाही.